रोलिंग अ‍ॅव्हरेजमध्ये आजचाच सामना शिरतोय का? (टी-२० अंदाज, पायथन)

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. महाप्याला आमच्या ऑफिसात आम्ही काही जण मिळून आयपीएलच्या निकालाचा अंदाज बांधणारं मॉडेल करतोय. डेटा क्रिकशीटवरून घेतला. प्रत्येक सामन्याच्या दोन ओळी केल्यात, दर संघाची एक. फीचर्स अगदी साधे आहेत: संघाने मागच्या पाचांत किती जिंकले, मागच्या पाचांतल्या धावांची सरासरी आणि मैदानाची सरासरी. शेवटी दोन्ही संघांच्या ओळी जोडून सामन्याची एक ओळ होते.

२०२२ पर्यंतचे हंगाम शिकवायला वापरले आणि पुढचे चाचणीला ठेवले. चाचणीत बरोबर अंदाज ७५ टक्क्यांच्या घरात येतात. पण सामना सुरू होण्याआधी जे अंदाज लिहून ठेवले, ते नाणेफेकीपेक्षा फारसे बरे निघत नाहीत. मुख्य फीचरचा कोड असा आहे:

```python
df = df.sort_values(['date', 'match_id'])
r = df.groupby('team')['won'].rolling(5).mean()
df['form5'] = r.reset_index(level=0, drop=True)
```

कुठे पाणी मुरतंय ते सांगाल का?

डावखुरा

सरळ आहे. टाइम सीरिज डेटावर रँडम स्प्लिट केला असणार. उद्याचे सामने शिकवायला आणि कालचे चाचणीला गेले की असं होतं. `TimeSeriesSplit` वापर.

ऐरोलीकर

दादा, स्प्लिट वर्षांनुसारच आहे. वर लिहिलंय बघा.

डावखुरा

हो, वाचायचं राहिलं. मग ओव्हरफिटिंग असेल. झाडांची खोली कमी करून बघ.

आकडेमोड

ओव्हरफिटिंग असतं तर चाचणीचा आकडाच पडला असता. इथे चाचणी उत्तम आणि प्रत्यक्षात गडबड, म्हणजे चाचणीच्या ओळींमध्ये असं काहीतरी आहे जे सामन्याआधी हातात नसतं. वर्षांनुसार स्प्लिट करूनही ते जात नाही, कारण भेसळ प्रत्येक ओळीच्या आतच आहे. शिकवायच्या ओळीत आहे तशीच चाचणीच्या ओळीतही आहे.

ऐरोलीकर, तुमच्या कोडमधलं `rolling(5)` बघा. पांडाजची खिडकी त्याच ओळीवर संपते. म्हणजे `form5` हा "मागचे पाच सामने" नसून "आजचा आणि त्याआधीचे चार" असा आहे. आज संघ जिंकला तर त्यात आजचा १ मिळवलेला आहे, हरला तर ०.

पाचातला एकच सामना, त्याने असा काय फरक पडणार, असं वाटेल. म्हणून हिशोब करून दाखवते. समजा सगळे सामने निव्वळ छापा-काटा आहेत, कुठलाच संघ कुठल्याच संघापेक्षा चांगला नाही. खरा अंदाज ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. आता आज जिंकलेल्या संघाचा आकडा म्हणजे १ अधिक आधीच्या चार नाण्यांतले छापे. हरलेल्याचा आकडा म्हणजे ० अधिक त्याच्या चार नाण्यांतले छापे. एकूण आठ नाणी, म्हणजे २५६ शक्यता. त्यांपैकी १६३ मध्ये जिंकलेल्याचा आकडा मोठा येतो, ५६ मध्ये दोघांचे सारखे येतात आणि फक्त ३७ मध्ये उलटं होतं. "ज्याचा फॉर्म मोठा तो जिंकला" एवढाच नियम लावला आणि बरोबरीला अर्धे गुण धरले, तर २५६ पैकी १९१. म्हणजे ७४.६ टक्के.

तुमचे ७५ टक्के आले कुठून, ते यात दिसतंय. क्रिकेटचं काहीही न कळता एवढे मिळतात.

हाच हिशोब तीनच्या खिडकीवर केला तर सुमारे ८१ टक्के येतात, दहाच्या खिडकीवर सुमारे ६८.

कबड्डीवेडा

म्हणजे खिडकी वाढवली की लीकेज कमी होतं. मी प्रो कबड्डीच्या रेड पॉइंट्सवर वीसची खिडकी वापरतो, त्यामुळे माझं ठीक असावं ना?

आकडेमोड

नाही हो, ते कमी होतं पण जात नाही. आणि कमी झालेलं जास्त त्रासदायक. ८१ टक्के दिसले की माणूस थबकतो आणि कोड तपासतो. ६२-६३ दिसले की "बरं जमलंय" म्हणून पुढे जातो. खिडकी किती मोठी असावी हा खेळाचा प्रश्न आहे. आजचा सामना तिच्या आत आहे की बाहेर, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर नेहमी "बाहेर" असंच हवं.

रेड पॉइंट्समध्ये तर आणखी एक गोष्ट आहे. तिथे विजय-पराजय असा ०/१ चा आकडा नाही, गुण आहेत. त्या दिवशी एखाद्याने खूप गुण घेतले तर वीसच्या सरासरीतही ते उठून दिसतात, आणि संघ जिंकण्याशी त्यांचा थेट संबंध असतो. त्यामुळे वीसच्या भरवशावर राहू नका.

ऐरोलीकर

ताई, हे वाचून लगेच शेवटी एक ओळ टाकली:

```python
df['form5'] = df['form5'].shift(1)
```

आकडा थोडा उतरला, पण अजून सत्तरीच्या आसपासच आहे. आता खरंच मॉडेल चांगलं आहे असं समजू का?

आकडेमोड

नका समजू. तुमचं टेबल तारखेने लावलेलं आहे आणि एका सामन्याच्या दोन ओळी एकाखाली एक आहेत. अख्खं टेबल एक ओळ खाली सरकवलं की काय होतं बघा. सामन्याच्या पहिल्या ओळीत आधीच्या कुठल्यातरी सामन्यातल्या भलत्याच संघाचा आकडा येतो. आणि दुसऱ्या ओळीत येतो *याच सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याचा* आकडा, ज्यात आजचा निकाल मिसळलेला आहे. मॉडेल ते उलट्या बाजूने वाचायला शिकतं: दुसऱ्या ओळीतला आकडा मोठा असेल तर पहिला संघ जिंकला.

छापा-काट्याच्या हिशोबात या प्रकाराने ३२ पैकी २२, म्हणजे ६९ टक्के मिळतात. तुमचा आकडा तिथेच आलाय.

सरकवायचं ते संघाच्या स्वतःच्या रांगेत. आधी संघ, मग तारीख, मग सामन्याचा क्रमांक असं लावायचं आणि `shift` ग्रुपच्या आत करायचं:

```python
df = df.sort_values(['team', 'date', 'match_id'])
df['form5'] = (df.groupby('team')['won']
    .transform(lambda s: s.shift(1)
                          .rolling(5, min_periods=3).mean()))
```

`transform` मुळे प्रत्येक संघाची मालिका वेगळी हाताळली जाते, त्यामुळे मुंबईचा शेवटचा सामना पंजाबच्या पहिल्या ओळीत जाऊन पडत नाही. धावांचं उदाहरण घ्या. एका संघाने ओळीने १५०, १७०, १४०, १९० केल्या. चौथ्या सामन्याच्या ओळीत तीनची सरासरी १५३.३ हवी, कारण त्या सकाळी आपल्याला १५०, १७०, १४० एवढंच माहीत होतं. १६६.७ दिसली तर १९० आत शिरलेत. कोणत्याही एका संघाच्या पहिल्या सहा-सात ओळी छापा आणि कागदावर असं ताडून बघा.

डावखुरा

पटलं. पण दर वेळी कागद घेऊन कोण बसणार? लीकेज पकडायची सोपी युक्ती आहे. शिकवायच्या आधी निकालाचा कॉलम पिसून टाका, म्हणजे `y` रँडम. तरीही अचूकता ५० च्या वर आली तर लीकेज आहे.

आकडेमोड

दिशा बरोबर आहे, जागा चुकते आहे. फीचर्स तयार झाल्यावर `y` पिसला तर फीचरमध्ये मिसळलेला खरा निकाल आणि पिसलेला निकाल यांचा संबंधच तुटतो. ऐरोलीकरांचा पहिला, पूर्ण गळका कोडही त्या चाचणीत ५० दाखवून सुटेल.

नाणं फेकायचं ते सगळ्यात आधी. कच्च्या टेबलातच प्रत्येक सामन्याचा विजेता नाण्याने ठरवा, एका संघाला १ आणि दुसऱ्याला ०. मग त्या खोट्या निकालांवर फीचर्स बांधा, मॉडेल शिकवा, चाचणी घ्या. सगळं नीट असेल तर ५० च्या आसपास यायला हवं. पहिल्या कोडने ७५ येतील, दुसऱ्याने ६९. मात्र धावांच्या कॉलममधली गळती यात पकडली जाणार नाही, कारण धावा खऱ्याच राहतात आणि निकाल खोटा असतो. त्यासाठी मी दुसरी चाचणी वापरते. `won` दशांश प्रकारचा असू द्या, आणि फीचर बांधायचा सगळा कोड `build` नावाच्या एका फंक्शनमध्ये ठेवा.

```python
cut = df[df['date'] <= day].copy()
cut.loc[cut['date'] == day, ['won', 'runs']] = np.nan
a = build(df).query('date == @day')['form5'].sort_index()
b = build(cut).query('date == @day')['form5'].sort_index()
pd.testing.assert_series_equal(a, b)
```

`day` म्हणजे कोणताही एक दिवस. एकदा सगळ्या डेटावर फीचर्स बांधायचे. एकदा त्या दिवसानंतरचं सगळं कापून आणि त्या दिवसाचे निकाल पुसून बांधायचे. त्या दिवसाच्या ओळींमध्ये दोन्ही वेळा हुबेहूब तेच आकडे आले पाहिजेत. इथे `form5` आहे, तसा प्रत्येक फीचर यातून काढा. एकही आकडा बदलला तर तो फीचर भविष्याकडे बघतोय. कुठल्या कारणाने बघतोय हे आधी माहीत असण्याचीही गरज नाही. अख्ख्या हंगामाची सरासरी, रिकाम्या जागा पूर्ण टेबलाच्या सरासरीने भरणं, हे सगळे प्रकार यात सापडतात.

खाडीपलीकडे

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. आमच्याकडे कळव्याला टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, शनिवार-रविवार. मी स्कोअरिंग करतो आणि सगळं एक्सेलमध्ये आहे, पायथन येत नाही. पुढच्या फेरीत कोण भारी ठरेल याचा अंदाज काढतो. एकेक संघ एका दिवसात तीन-तीन सामने खेळतो आणि शीटमध्ये फक्त तारीख आहे, वेळ नाही. मग "मागचा सामना" कोणता ते कसं ठरवायचं? आता मी सरासरी एक ओळ वरपर्यंतच घेतो.

आकडेमोड

फार चांगला प्रश्न आहे आणि अजिबात वेगळा नाही. एक ओळ वर घेणं तेव्हाच बरोबर, जेव्हा ओळी ज्या क्रमाने सामने झाले त्याच क्रमाने असतील. फक्त तारखेने लावलं तर एकाच दिवसाचे तीन सामने कुठल्याही क्रमाने बसू शकतात. संध्याकाळची सेमीफायनल सकाळच्या सामन्याच्या वर गेली, तर सकाळच्या ओळीत संध्याकाळचा निकाल आला. आणि सेमीफायनल खेळला म्हणजे सकाळचा सामना जिंकलाच होता, म्हणजे उत्तरच लिहिलं गेलं.

वरची कापाकापीची चाचणी अशा डेटावर चालवली तर ती नापास होईल, आणि व्हायलाच हवी.

तुम्ही अंदाज कधी काढता? सकाळी एकदाच सगळ्या दिवसाचा, की प्रत्येक सामन्याआधी?

खाडीपलीकडे

सकाळी ड्रॉ लागला की एकदाच.

आकडेमोड

मग प्रश्न सुटला. सामन्यांचा क्रम माहीत असता तरी तो वापरायचा नाही, कारण सकाळी तुमच्याकडे आदल्या दिवसापर्यंतचीच माहिती असते. एक ओळ मागे न जाता एक *दिवस* मागे जा. ए मध्ये तारीख, बी मध्ये संघ आणि डी मध्ये धावा असतील, तर सातव्या ओळीत:

```
=AVERAGEIFS(D:D,B:B,B7,A:A,"<"&A7)
```

"याच संघाचे, आजच्या तारखेच्या आधीचे सगळे सामने" असा त्याचा अर्थ. ही पूर्ण इतिहासाची सरासरी आहे, शेवटच्या पाचांची नाही, पण तुमच्या स्पर्धेला पुरेल. पहिल्या दिवशी `#DIV/0!` येईल. तिथे शून्य भरू नका. शून्य म्हणजे "हा संघ शून्यावर बाद होतो" असं होईल, आणि आपल्याला म्हणायचंय "अजून माहीत नाही".

निळी_छत्री

यात एक भर. १२.०१.२०२५ अशा टिंबांनी लिहिलेल्या तारखा एक्सेल बहुतेक वेळा मजकूर समजतं. मग "<" ची तुलना गंडते आणि काही ओळी गुपचूप गळतात. तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसली तर ती मजकूर आहे.

खाडीपलीकडे

बरोब्बर, माझ्या निम्म्या तारखा डावीकडेच आहेत. आज रात्री सगळ्या सुधारतो. ताई, छत्री, दोघांचे आभार.

ऐरोलीकर

संघाचा फॉर्म आता कापाकापीच्या चाचणीत पास झाला. नाण्यांच्या डेटावर ५० च्या आगेमागे येतंय, आणि खऱ्या डेटावर ५५ च्या आसपास. पण मैदानाची सरासरी अजून नापास होतेय. कोड तोच आहे, `team` च्या जागी फक्त `venue`.

आकडेमोड

मैदानाच्या रांगेत एका सामन्याच्या दोन ओळी येतात ना? त्यामुळे दुसऱ्या संघाच्या ओळीसाठी "मागची ओळ" म्हणजे याच सामन्यातला पहिला संघ. संघाच्या रांगेत एक ओळ म्हणजे एक सामना होता, इथे तसं नाही. आधी दर सामन्याला एकच ओळ करा, समजा पहिल्या डावाच्या धावा. तिच्यावर मैदानानुसार `shift(1)` आणि रोलिंग करा, आणि मग `match_id` वरून दोन्ही संघांना तो आकडा जोडा. चेंडूगणिक डेटावर खेळाडूंचे आकडे काढाल तेव्हाही हेच लक्षात ठेवा. तिथे `shift(1)` म्हणजे एक चेंडू मागे. आधी सामन्यापर्यंत बेरीज, मग सरकवणं.

निळी_छत्री

मी नेरुळची, त्यामुळे डी. वाय. पाटीलबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. या मैदानाचे आकडे लॅग बरोबर लावूनही फसवतात. आयपीएलचे २००८ आणि २०१० चे अंतिम सामने इथे झाले, आणि नंतर दहाएक वर्षांची दरी. मग २०२२ मध्ये साखळीचे ७० पैकी २० सामने एकदम इथेच. म्हणजे त्या हंगामातल्या इथल्या पहिल्या सामन्याला "मैदानाचे मागचे पाच सामने" घेतले तर दशकापूर्वीचे निघतात. भविष्य त्यात नाही, पण त्या खेळपट्टीशी त्यांचा संबंधही उरलेला नाही. शिवाय डेटात या मैदानाचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं नसतं, कधी पुढे शहर असतं, कधी नसतं. नावं एक केली नाहीत तर एका मैदानाच्या दोन रांगा होतात. संघांचंही तेच, दिल्लीचं नाव २०१९ च्या हंगामापासून बदललं आणि पंजाबचं २०२१ पासून.

डावखुरा

म्हणून मी म्हणतो, हंगाम संपला की रांग तोडा. `groupby(['team', 'season'])`. मागच्या वर्षीच्या फॉर्मचा या वर्षी काय उपयोग? २०२२ ला मेगा ऑक्शन झालं, संघ उलटेपालटे झाले, आणि जिंकलं कोण, तर गुजरात, ज्यांना मागचा हंगामच नव्हता.

आकडेमोड

२०२२ साठी मान्य. पण रांग दर वर्षी तोडली तर प्रत्येक संघाचे पहिले तीन सामने रिकामे जातात, `min_periods=3` मुळे. साखळीत चौदा सामने असताना तीन सोडणं मला महाग वाटतं. ज्या वर्षी मेगा ऑक्शन नाही त्या वर्षी संघाचा गाभा बराचसा तोच असतो. मी मागच्या हंगामाचं वजन कमी करून ते पुढे नेते.

डावखुरा

किती कमी? तो आकडा तुम्ही सगळे हंगाम बघून ठरवला असेल, तर तीही गळतीच झाली की.

आकडेमोड

रास्त आक्षेप आहे. मी तो फक्त आधीच्या हंगामांवर ठरवते आणि चाचणीच्या वर्षांना हात लावत नाही. पण मेगा ऑक्शनची वर्षं इतकी थोडी आहेत की त्यांच्यासाठी वेगळं वजन ठरवायला पुरेसा डेटाच नाही. तिथे माझ्याकडेही ठाम उत्तर नाही.

कबड्डीवेडा

वीसच्या खिडकीवर नाण्याची चाचणी केली, म्हणजे विजेते नाण्याने ठरवले. ५० आले, म्हणून खूश होतो. मग ताईंनी लिहिलेलं आठवलं, की माझा फीचर रेड पॉइंट्सचा आहे आणि ते खरेच राहतात. कापाकापीची चाचणी लावली तर पहिल्याच दिवशी नापास. आता पॉइंट्सवर ग्रुपच्या आत `shift` लावतोय. पण रेडर संघ बदलतो तेव्हा ग्रुप खेळाडूचा करायचा की खेळाडू आणि संघ दोन्हींचा?

आकडेमोड

गळतीच्या दृष्टीने दोन्ही चालतील, दोन्हीत आजचा सामना बाहेरच राहतो. खेळाच्या दृष्टीने मी खेळाडूचा घेईन. रेडर नव्या संघात गेला तरी त्याचं कसब त्याच्याबरोबर जातं. फक्त नावांऐवजी खेळाडूचा क्रमांक वापरा, सारख्या नावांचे दोघं एका रांगेत आले तर एकाचा कालचा सामना दुसऱ्याच्या आजच्या ओळीत येईल.

ऐरोलीकर

मैदानही पास झालं. दर सामन्याला एक ओळ केली, नावं एक केली आणि दोन वर्षांपेक्षा जुने सामने सोडून दिले. ५५ चे ५६ झाले, तेवढा फरक योगायोगानेही येऊ शकतो असं वाटतं. आता एक नवा मुद्दा निघालाय. सहकारी म्हणतो नाणेफेक आणि अकरा खेळाडू हे फीचर्स टाकूया. पण आम्ही अंदाज दुपारी लिहून ठेवतो.

आकडेमोड

मग दोन्ही टाकू नका, दुपारी ती माहिती नसते. टाकायचेच असतील तर अंदाजाची वेळ नाणेफेकीनंतर न्या आणि नोंदवहीत ती वेळ लिहा. इम्पॅक्ट प्लेयर आल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, संघ नाणेफेकीनंतर जाहीर करता येतो, त्यामुळे संघांची यादी नाणेफेकीच्याही जरा नंतर येते हे धरून चाला. आणि जुन्या हंगामांच्या डेटात जे अकरा दिसतात, त्यांत बदली खेळाडू मिसळलेला आहे का ते एकदा बघून घ्या. तो सामना सुरू झाल्यावर आत येतो.